हिरव्या ड्रेसचं प्रकरण आणि परतीचे नियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या थ्रिफ्ट पेजच्या डीएममध्ये तेच ते प्रश्न येतात आणि मी प्रत्येकीला वेगळ्या शब्दांत तेच उत्तर देत बसते. त्यातले निम्मे प्रश्न अजूनही त्या हिरव्या ड्रेसबद्दलच असतात. मी स्टोरी काढून टाकली, पण तोवर तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी ती पाहिली होती. म्हणून सगळं एकदाच इथे लिहून ठेवतेय. फक्त नियम हवे असतील त्यांनी प्रश्न ८ पासून वाचा. ड्रेसचं काय झालं तेवढंच हवं असेल तर प्रश्न ३ ते ६.

१. हे कपडे नवे असतात का? नसतील तर कोणाचे असतात?

नवे नसतात. थ्रिफ्ट म्हणजे आधी कोणीतरी वापरलेला, पण अजून भरपूर आयुष्य शिल्लक असलेला कपडा. काही मी लॉटमध्ये घेते, काही मैत्रिणींच्या आणि त्यांच्या बहिणींच्या कपाटातून येतात. प्रत्येक कपडा एकच असतो. 'हाच एल साइजमध्ये मिळेल का' याचं उत्तर कायम 'नाही' असंच येणार. कृपया रागावू नका.

पेज मी एकटीच चालवते. कॉलेज, होस्टेलची खोली, एक बादली, एक इस्त्री आणि दाराच्या मागे लावलेला हँगर, एवढाच पसारा आहे. परीक्षेच्या काळात उत्तर उशिरा येतं.

२. मला 'एम' बसतो. हे मला बसेल का?

लेबलवरचा 'एम' विसरा. दोन कंपन्यांच्या 'एम'मध्ये दोन-तीन इंचांचा फरक सहज असतो. त्यात जुना कपडा मधल्या काळात सैल झालेला असतो, आटलेला असतो, कधी कोणीतरी बाजूने आत घेतलेला असतो. म्हणून मी साइज लिहीत नाही, मापं लिहिते.

कपडा जमिनीवर सपाट पसरायचा, सुरकुत्या हाताने काढायच्या, पण ताणायचा नाही. छाती म्हणजे एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंतचं अंतर. पोस्टमध्ये 'छाती १८' लिहिलं असेल तर कपड्याचा पूर्ण घेर ३६ होतो. ३६ हे माप कपड्याचं आहे, अंगाचं नाही. न ताणणारं कापड असेल तर अंगाच्या मापापेक्षा घेर निदान दोन इंच जास्त हवा, नाहीतर हात वर केला की काख ओढली जाते. लांबी मी खांद्याच्या सर्वांत वरच्या बिंदूपासून, म्हणजे गळ्याजवळून, खालच्या दुमडीपर्यंत घेते.

सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे तुम्हाला नीट बसणारा तुमचाच एखादा कपडा तसाच पसरून मोजा आणि माझ्या आकड्यांशी ताडून बघा. अर्धा इंच इकडेतिकडे होणं मी धरून चालते. दोन माणसांनी एकच कपडा मोजला तरी तेवढा फरक पडतो. मात्र हँगरला लटकवून लांबी मोजू नका, मऊ कापड स्वतःच्या वजनानेच खाली ओढलं जातं.

३. त्या हिरव्या ड्रेसचं नक्की काय झालं होतं?

पेज सुरू होऊन पाच महिने झाले होते आणि तोवर एकही पार्सल परत आलं नव्हतं. या गोष्टीचा मला जरा माजच आला होता.

ड्रेस व्हिस्कोस क्रेपचा होता. बाटलीसारखा गडद हिरवा, कमरेपासून खाली सरळ पडणारा आणि आत पॉलिएस्टरचं अस्तर. शनिवारी मी तो पसरून मोजला, छाती १८ आणि लांबी ४४. खिडकीजवळ फोटो काढले, पोस्ट टाकली. सोमवारी एका ताईंनी खाली 'बुक्ड' अशी कमेंट केली आणि पैसे पाठवले. गुरुवारी पार्सल गेलं.

पुढच्या आठवड्यात, नेमक्या प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री, त्यांचा मेसेज आला. दोन फोटो होते. एकात ड्रेस जमिनीवर पसरलेला, शेजारी टेप, आणि दुमड ४२ वर. दुसऱ्यात ड्रेस हँगरला लावलेला आणि हिरव्या कापडाखालून बोटभर अस्तर बाहेर डोकावत होतं. खाली लिहिलं होतं, 'माप दोन इंच कमी आहे आणि अस्तर दिसतंय. परत पाठवू का?'

फोटो पाहताक्षणी मला वाटलं, चोर सापडला. कारण सरळ होतं. व्हिस्कोस पाण्यात आटतं आणि पॉलिएस्टर जवळजवळ आटत नाही. शिवताना अस्तर बाहेरच्या कापडापेक्षा साधारण इंचभर आखूड ठेवतात, म्हणजे ते दिसत नाही. बाहेरचं कापड दोन इंच आटलं तर आधी इंचभर आत असलेलं अस्तर आता इंचभर बाहेर येणार. फोटोत अगदी तेवढंच बाहेर होतं. म्हणजे ड्रेस धुतला गेलाय, यात शंकाच नव्हती.

मी लिहिलं, 'ताई, हा ड्रेस तुम्ही धुतलाय. अस्तर बाहेर आलंय ते त्यामुळेच. धुतलेला कपडा परत घेता येणार नाही.'

त्यांचं उत्तर आलं, 'अहो, मी तो घातलासुद्धा नाही. टॅग तसाच आहे.'

मी यावर काहीच उत्तर दिलं नाही. त्याऐवजी त्यांचा हँगरवाला फोटो स्टोरीला टाकला आणि वर लिहिलं, 'धुवून आटवायचं आणि मग परत द्यायचं, असं करू नका प्लीज.' नाव टाकलं नव्हतं, त्यामुळे आपण सभ्यपणे वागलो असं मला वाटत होतं. पण तो ड्रेस एकच होता आणि पोस्टखाली 'बुक्ड' कोणी लिहिलंय ते सगळ्यांना दिसत होतं. तासाभरात त्यांच्या त्या कमेंटखाली तीन जणींनी हसण्याचे इमोजी टाकले.

४. मग चूक कोणाची निघाली? ते कसं कळलं?

माझी. आणि ते मला नाही, माझ्या रूममेटला कळलं.

मी तिला फोटो दाखवत होते, दुजोरा मिळावा म्हणून. ती अस्तराकडे बघेचना. तिने पसरलेल्या ड्रेसचा फोटो मोठा केला आणि गळ्याजवळ नेला. तिथे माझा टॅग होता. पुठ्ठ्याचा छोटा तुकडा, त्यावर निळ्या जेल पेनाने '१७', आणि तो आतल्या लेबलच्या फासातून दोऱ्याने ओवून बांधलेला. ती म्हणाली, "अगं, ही शाई फुटली कशी नाही?"

माझ्या त्या जेल पेनाची शाई पाण्यात टिकत नाही. त्याच आठवड्यात टॅग लिहिताना माझ्या ओल्या हाताचा एक थेंब '१२'वर पडला होता आणि दोनाचं शेपूट पसरून निळा डाग झाला होता, तो टॅग मला टाकून द्यावा लागला होता. '१७' मात्र कोरा करकरीत होता. पुठ्ठ्याचे कोपरेही फुगलेले नव्हते. टॅग सोडून, ड्रेस धुऊन, पुन्हा बांधला असेल का? ताईंना मी गाठीचा जवळून फोटो मागितला. त्यांनी काही न बोलता पाठवला. गाठ माझीच होती, दुहेरी मारून टोकं अगदी जवळून कापलेली. एवढ्या आखूड टोकांची गाठ सोडवून परत तशीच बांधणं मला स्वतःलाही जमलं नसतं.

म्हणजे टॅग बांधल्यानंतर ड्रेसला पाणी लागलंच नव्हतं. आणि टॅग मी बांधते पॅकिंगच्या दिवशी, इस्त्री झाल्यावर.

तेव्हा पोटात गोळा आला. माझा क्रम असा होता: आधी मोजायचं, फोटो, पोस्ट. विकलं गेलं की मग धुवायचं. एका बादलीत सगळा लॉट धुणं जमत नाही, म्हणून जे विकलं गेलं तेवढंच धुवायचं, वाळवायचं, इस्त्री करायची आणि पाठवायचं. शनिवारी मोजलेला ड्रेस मी मंगळवारी धुतला होता. धुतल्यावर पुन्हा टेप लावलीच नव्हती.

पॅकिंग करताना मी छोटा व्हिडिओ काढते, उद्या कोणी 'रिकामं पार्सल आलं' म्हणालं तर असावा म्हणून. तो ११ सेकंदांचा व्हिडिओ उघडला. सातव्या सेकंदाला मी ड्रेसची खालची बाजू वर दुमडते आणि हिरव्या कापडाच्या कडेने फिक्या रंगाची एक पट्टी स्पष्ट दिसते. अस्तर. माझ्याच हातात, माझ्याच खोलीत, पार्सल बंद होण्याआधी.

आटण्याचं माझं निदान बरोबर होतं. आरोपी तेवढा चुकला होता.

५. पण तू कपडे थंड पाण्यात हाताने धुतेस ना? मग आटला कसा?

मलाही वाटायचं की आटणं म्हणजे गरम पाण्याचं काम. लोकरीच्या बाबतीत उष्णता आणि घुसळणं हे मोठं कारण असतं. व्हिस्कोसचं तसं नाही. त्याचे तंतू पाणी पिऊन फुगतात. विणताना आणि तयार करताना कापड ताणून ठेवलेलं असतं आणि तंतू फुगले की तो ताण सुटतो. क्रेपमध्ये तर धागाच खूप पीळ दिलेला असतो. पाणी लागलं की पिळाचा धागा आखडतो आणि कापड गोळा होतं. थंड पाणीही त्याला पुरतं.

हा ड्रेस बहुधा आधी कधी पाण्यात गेलाच नव्हता, म्हणून पहिल्याच धुण्यात ४४चे ४२ झाले. आणि लेबल खोटं बोलत नव्हतं. आत पाण्याच्या टबचं चित्र होतं, त्यावर फुली, आणि शेजारी वर्तुळात P. फुली मारलेला टब म्हणजे पाण्यात धुऊ नका, वर्तुळातला P म्हणजे ड्राय क्लीनिंग. मी ते पाहिलं होतं आणि 'हाताने धुतलं तर काय होतंय' म्हणून सोडून दिलं होतं.

बऱ्याच जणींनी विचारलं की पुन्हा लांब करता येतो का. थोडासा येतो. मी परत आलेल्या ड्रेसवर पाणी शिंपडलं, दमट असतानाच इस्त्रीखाली हळूहळू लांबीच्या दिशेने ओढला आणि पाऊण इंच परत मिळवला. जोरात ओढू नका. ओलं व्हिस्कोस कोरड्याच्या मानाने निम्म्यावर येईल इतकं कमजोर होतं आणि शिवणीपाशी फाटू शकतं. शिवाय हा मिळवलेला पाऊण इंच पुढच्या धुण्यात पुन्हा जातो. त्यामुळे ताणून ठीक केलेला ड्रेस '४३' म्हणून विकणं ही सरळ फसवणूक झाली असती.

६. त्या ताईंना पैसे परत केलेस का? किती? त्या काय म्हणाल्या?

पूर्ण किंमत परत केली आणि दोन्ही बाजूंचं कुरिअर मी भरलं. फक्त किंमत परत करून परतीचं कुरिअर त्यांच्यावर टाकलं असतं तर माझ्या चुकीचा दंड त्यांनी भरला असता.

पण एका दमात केली नाही, हेही सांगून टाकते. त्यांचे पैसे मी पुढच्या लॉटमध्ये घालून बसले होते. त्या रात्री खात्यात निम्मेच होते. निम्मे लगेच पाठवले आणि उरलेले दहा दिवसांत देते असं लेखी कळवलं. सातव्या दिवशी दिले. तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. पार्सल पोहोचून परतीची मुदत संपेपर्यंत ते पैसे माझे नाहीत असं समजायचं. ते वेगळे ठेवते.

माफीचा मेसेज लिहायला मला पैसे पाठवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. पहिल्या मसुद्यात 'गैरसमज झाला' असं होतं. रूममेटने वाचून फोन परत दिला आणि म्हणाली, "गैरसमज नाही झाला, तू आरोप केलास." मग मी लिहिलं, 'ताई, ड्रेस मीच धुतला होता आणि नंतर मोजला नाही. तुम्ही खरं सांगत होतात. मी तुमचा फोटो न विचारता टाकला, तो काढलाय.' सोबत पॅकिंगचा व्हिडिओही पाठवला.

त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर दिलं. 'ठीक आहे. पण स्टोरी सगळ्यांनी पाहिली, माफी मात्र मला एकटीलाच आली.' त्यांचं म्हणणं बरोबर होतं. स्टोरी तशीही २४ तासांत जातेच, ती काढली यात मोठेपणा कसला? म्हणून पेजवर पोस्ट टाकली, ती अजून वर पिन केलेली आहे, आणि ती टाकण्याआधी मजकूर त्यांना दाखवला. त्यांनी एकच शब्द बदलायला सांगितला. मी 'एका कस्टमरवर' लिहिलं होतं, त्यांनी 'खोटा' हा शब्द घालायला लावला: 'एका कस्टमरवर खोटा आरोप केला.'

७. पेजवर 'नो रिटर्न' लिहिलेलं होतं ना? मग परत घ्यायची काय गरज होती?

हा प्रश्न मला जास्त करून इतर थ्रिफ्ट पेजवाल्या मुली विचारतात.

'नो रिटर्न'चा अर्थ 'आवडला नाही, मन बदललं, दुसरा मिळाला' यासाठी परत नाही, एवढाच लागतो. मी ४४ लिहून ४२ पाठवला, तर मी जे विकलं ते पाठवलंच नाही. तिथे ती पाटी काय कामाची? मी स्वतः एखादं वापरलेलं पुस्तक घेतलं आणि त्यात शेवटचं प्रकरणच नसलं, तर 'जुनं आहे, परत नाही' हे मी ऐकून घेतलं असतं का?

व्यवहाराच्या बाजूनेही ती पाटी फार टिकत नाही. कस्टमरने पैसे देण्याच्या माध्यमाकडे तक्रार केली की तिथे 'वर्णनाप्रमाणे वस्तू होती का' हा प्रश्न येऊ शकतो, आणि वर्णन तुमचंच पोस्टमध्ये लिहिलेलं असतं. आता माझ्या पेजवर 'नो रिटर्न' नाही. काय आहे ते पुढे वाचा.

८. आता परत कधी घेतेस? मला काय पाठवावं लागेल?

मुख्यतः तीन कारणांसाठी घेते, वास आणि उसवलेली शिवण यांचं पुढे प्रश्न ११ आणि १३ मध्ये. माप पोस्टपेक्षा अर्ध्या इंचाहून जास्त वेगळं असेल, पोस्टमध्ये न सांगितलेला डाग, छिद्र किंवा बिघडलेली चेन असेल, किंवा भलताच कपडा आला असेल. पार्सल हातात पडल्यापासून दोन दिवसांत मेसेज करा. घरात कोणीतरी आजारी होतं, तुम्ही गावाला होतात, असं काही असेल तर तसं सांगा. मी घड्याळ लावून बसत नाही.

मापाची तक्रार असेल तर कपडा सपाट पसरून, टेप शेजारी ठेवून, टेपची दोन्ही टोकं दिसतील असा एक फोटो. कापडी टेप जुनी झाली की ताणली जाते, म्हणून शक्य असेल तर ती एकदा स्टीलच्या पट्टीशी जुळवून बघा. माझीच जुनी टेप ६० इंचांत जवळपास अर्धा इंच लांब निघाली होती. ती कापून टाकली. आणि टॅगचा गाठीसकट एक फोटो.

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मी सक्तीचा केलेला नाही. असला तर आपल्या दोघींचं काम सोपं होतं. पण नव्या कपड्याचं पार्सल फोडताना कोणाला फोन उभा करायचं सुचतं? आणि व्हिडिओ नाही म्हणून तक्रार खोटी ठरवायची असती, तर हिरव्या ड्रेसच्या ताई हरल्या असत्या. त्यांच्याकडे व्हिडिओ नव्हता. माझ्याकडे होता, आणि तो माझ्याच विरुद्ध निघाला.

९. तू कपडे धुवून पाठवतेस की न धुता?

आता क्रम उलटा आहे. आधी लेबल वाचते, मग धुते, वाळल्यावर मोजते आणि मगच फोटो. त्यामुळे एका आठवड्यात पूर्वीसारखे वीस कपडे टाकता येत नाहीत, आठ-दहाच होतात. ड्रॉप लहान का झाले, याचं उत्तर हेच.

ज्या कपड्यावर पाण्याची फुली आहे किंवा ज्याचं लेबलच कापलेलं आहे आणि कापडाचा अंदाज येत नाही, तो मी धूत नाही. वाफ देते, हवेवर टांगते आणि पोस्टमध्ये 'धुतलेला नाही' असं स्पष्ट लिहिते. असा कपडा घेऊन तुम्ही घरी पाण्यात टाकला तर पुढचं प्रश्न १२ मध्ये.

१०. फोटोतला रंग आणि प्रत्यक्ष रंग वेगळा निघाला तर?

बहुतेक वेळा परत घेत नाही, पण विचारा. मी बल्बखाली फोटो काढत नाही, पिवळा उजेड निळ्याला हिरव्याकडे ढकलतो. खिडकीजवळ, ऊन थेट न पडणाऱ्या जागी काढते आणि एका फोटोत शेजारी पांढरा कागद ठेवते. तुमच्या स्क्रीनवर तो कागद पिवळट किंवा निळसर दिसत असेल तर कपड्याचा रंगही तेवढाच सरकलाय असं समजा. काळा म्हणून घेतलेला गडद निळा निघाला, तर ती माझी चूक. मरून थोडा जास्त तपकिरी वाटला, तर नाही.

११. घातल्यावर थोड्या वेळाने काखेत वास यायला लागला. पार्सल उघडलं तेव्हा नव्हता. हे परतीत बसतं का?

बसतं. पॉलिएस्टर अंगाचं तेल धरून ठेवतं आणि थंड असताना वास लपून राहतो. अंगाची ऊब लागली की बाहेर येतो. म्हणून आता मी पाठवण्याआधी काखेवर कोमट इस्त्री टेकवून लगेच हुंगून बघते. बघायला विचित्र दिसतं, पण नुसतं नाकाजवळ धरून जे कळत नाही ते तिथे कळतं. डांबरगोळीचा वास मात्र दोष धरत नाही, दोन दिवस वाऱ्यावर टाका.

१२. मी घरी धुतला आणि आटला. आता?

मी पोस्टमध्ये 'धुतलेला आहे' लिहिलं असेल, तुम्ही लेबलप्रमाणे धुतलं असेल आणि तरीही माप अर्ध्या इंचाहून जास्त आटलं असेल, तर मला कळवा. किमतीचा काही भाग परत करते. किती तो आपण बोलून ठरवू, कारण कपडा अजून वापरता येतो की नाही यावर ते अवलंबून आहे. 'धुतलेला नाही' असं लिहिलं होतं आणि तुम्ही पाण्यात टाकला, तर मी काही करू शकत नाही. वाईट वाटतं, पण नाही.

१३. पहिल्यांदाच घातला आणि शिवण उसवली. माझी चूक की तुझी?

उसवलेल्या जागेचा जवळून फोटो पाठवा, बऱ्याचदा फोटोच सांगतो. शिलाईचा दोरा जागोजागी तुटलाय आणि शेजारचा दोरा चिमटीत धरून ओढला की सहज तुटतोय, तर दोरा कुजलेला होता. ते मी पाठवण्याआधी तपासायला हवं होतं, परत घेते. शिलाई शाबूत आहे पण तिच्या कडेला कापडाचे धागे सरकून शिडीसारखी फट पडलीय, तर कपडा त्या जागी घट्ट होत होता. अशा वेळी प्रश्न २ मधली मापं आपण परत ताडून बघतो. माझी मापं बरोबर असतील तर परत नाही.

एक अपवाद आहे. तुम्ही आल्यावर कपडा टेलरकडून आत घेतला असेल, तर मी मापाची तक्रार ऐकत नाही, पण आधीपासूनच्या डागाची किंवा छिद्राची ऐकते. टेलरच्या सुईने छिद्र पडत नाही असं नाही, तरी विरलेल्या जागेचं छिद्र आणि सुईचं छिद्र वेगळं दिसतं. विरलेल्या जागेभोवतालचं कापड उजेडासमोर धरलं की पातळ दिसतं.

१४. दोघीही आपापल्या म्हणण्यावर ठाम राहिल्या तर?

मी पैसे परत करते आणि कपडा परत मागवते. महिन्यातून एखाद्या वेळी यात मी फसेन. तो हिशेब मी किमतीत धरलेला नाही, पण मनात धरलाय. त्याच कस्टमरबरोबर दुसऱ्यांदा तसंच झालं तर पुढचं बुकिंग घेत नाही. त्याबद्दल स्टोरी टाकत नाही.

१५. त्या ताई आता तुझ्याकडून काही घेतात का?

नाही. पेज फॉलो करतात, कधीतरी स्टोरी बघतात. मीही कधी विचारलं नाही.

१६. तो हिरवा ड्रेस विकायला काढणार आहेस का? आटलेला चालेल, कमी किमतीत दे.

हा प्रश्न आठवड्यातून निदान एकदा येतो. नाही देणार. तो आता माझ्या कपाटात आहे. अस्तर मी दोन इंच कापून पुन्हा दुमडलं, हाताने. डावीकडची दुमड तिरकी झालीय आणि बसल्यावर ती दिसते. टॅग '१७' अजून गळ्यात आहे. घालताना मानेला टोचतो, मी तो आत सरकवते.